मशीनने भाषांतर केलेला करारनामा तपासताना आधी काय बघायचं

नाशिकमधल्या फ्लॅटचा लिव्ह अँड लायसन्स करार मशीनमधून मराठीत आलाय ना, मग आधी भाषा सुधारत बसू नकोस, प्रत्येक कलमाला एकच विचार, हे असंच राहिलं तर कोणाचे पैसे, हक्क किंवा मुदत बदलते का?

डिपॉझिटचं कलम घे. मूळ करारात आहे, ताबा परत मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत मालकाने थकबाकी वजा करून डिपॉझिट परत द्यायचं. मशीनने लिहिलं, "३० दिवसांनंतर परत करू शकतो". वाक्य एकदम गुळगुळीत, म्हणूनच नजरेतून सुटतं, पण बंधनाची मर्जी झाली आणि मुदत पण उलटली. हे धोक्याचं, लगेच दुरुस्त कर.

तसंच लायसन्सीला, म्हणजे परवान्यावर जागा वापरणाऱ्याला, "भाडेकरू" केलं असेल तर सोडू नकोस, कायद्यात परवाना आणि भाडेपट्टा वेगळे, भाडेपट्ट्यात जागेत हितसंबंध तयार होतो, परवान्यात नाही.

उलट "सदर" की "सदरहू", कर्मणी वाक्य, क्रियापदाची जागा, हे नुसतं शैलीचं, वेळ उरला तरच हात लाव. फक्त पक्षकाराचं नाव शैलीसाठी कधीच बदलू नकोस, पहिल्या कलमात जे आलं तेच शेवटपर्यंत, कितीही रटाळ वाटलं तरी.