मूद आणि पसरलेला भात

प्रश्न: थंड आणि उष्ण प्रदेशातल्या माणसांच्या बांध्यात खरंच फरक असतो का?

हो, सरासरीत असतो. दक्षिण सुदानमधले डिंका लोक उंच, सडपातळ, लांब नडग्यांचे. आर्क्टिकमधले इन्युइट लोक रुंद धडाचे, आखूड हातपायांचे. गरम भाताची मूद आत वाफ धरून राहते, तोच भात परातीत पसरला की लगेच निवतो. शरीराचंही तसंच: वजनाच्या मानाने त्वचा जास्त असेल तर उष्णता पटकन बाहेर पडते.

सगळं जनुकांतच असतं असं मात्र नाही. उंदराची पिल्लं थंडीत वाढवली तर त्यांच्या शेपट्या आखूड राहतात, कारण गारव्यात हाडांच्या टोकाची कूर्चा हळू वाढते. नुसत्या उंचीवरून अंदाज बांधू नका, ती खाण्यापिण्यानेही बदलते. हातपायांचं धडाशी प्रमाण बघा.