सोसायटीची नोटीस इंग्रजीत करताना

आमच्या सोसायटीची पाणी आणि पार्किंगची नोटीस नव्या भाडेकरूंसाठी इंग्रजीत करून द्यायला सांगितले आहे. शब्दाला शब्द ठेवला तर चालेल का?

चालणार नाही, आणि अडचण बहुधा नेहमीच्या शब्दांतच येते. ‘मंगळवारी रात्री १२ पासून पाणीपुरवठा बंद राहील’ हे वाक्य घ्या. मंगळवारचा दिवस संपतानाचे १२ असे आपण मनात धरतो. इंग्रजीत मात्र ‘ट्यूझडे, ट्वेल्व्ह मिडनाइट’ लिहिले की काहीजण सोमवारची रात्र समजतात आणि काहीजण मंगळवारची. म्हणून तिथे ‘ट्यूझडे, ११:५९ पीएम’ असे लिहावे आणि पाणी पुन्हा केव्हा येणार तेही वार, तारीख आणि वेळेसह द्यावे. ‘पाणीकपात’ या शब्दाचाही उलगडा आधी सेक्रेटरींकडून करून घ्यावा, कारण पाणी पूर्ण बंद राहणार आहे, ठरावीक वेळीच सोडले जाणार आहे की कमी दाबाने येणार आहे, हे ‘वॉटर कट’ या दोन शब्दांवरून भाडेकरूला कळत नाही. महापालिकेचा पुरवठा बंद असला तरी इमारतीच्या टाकीतून नळाला पाणी मिळू शकते, म्हणून ते कोणत्या वेळी सोडणार हे नोटिशीत नसल्यास विचारून घालावे; बादल्या केव्हा भरायच्या हे त्यावरच ठरते.

पार्किंगच्या भागात माझ्याकडून एकदा मोठी चूक झाली होती. मूळ नोटिशीत ‘पार्किंगची जागा फक्त सभासदांसाठी’ असे होते आणि मी ‘सभासद’ या शब्दासाठी ‘रेसिडेंट्स’ लिहिले. एका नव्या भाडेकरूने ते वाचून मोकळी दिसलेली जागा वापरली, ती दुसऱ्या सभासदाला दिलेली निघाली आणि त्या बिचाऱ्याला विनाकारण बोलणी खावी लागली. गृहनिर्माण संस्थेत सभासद म्हणजे संस्थेचे सभासदत्व घेतलेली व्यक्ती, बहुतेक वेळा घरमालक. भाडेकरू तिथे राहतो, पण तेवढ्याने तो सभासद होत नाही. तेव्हा ‘मेंबर्स’ हाच शब्द ठेवावा आणि घरमालकाला दिलेली जागा भाडेकरूने वापरायची की नाही, हे समितीला विचारून स्वतंत्र वाक्यात सांगावे. तो निर्णय अनुवादकाने आपल्या अंदाजाने करू नये.

‘वाहने लावू नयेत’ याचे ‘शुड नॉट’ केले की नियमाचा सल्ला होतो. तिथे सरळ ‘डू नॉट पार्क’ लिहावे. ‘कारवाई करण्यात येईल’ यात कारवाई कोण करणार आणि कोणती, हे मराठीत मोघम राहते. दंड ठरलेला असेल तर रक्कम घालावी, नसेल तर आपल्या मनाने ‘फाइन’ हा शब्द आणू नये. ‘सर्वांना कळविण्यात येते की’ हे वाक्य मात्र निःसंकोच गाळावे.

नोटीस लावण्यापूर्वी मराठी न येणाऱ्या एखाद्या रहिवाशाला ती वाचायला द्या आणि पाणी केव्हा भरून ठेवाल, गाडी कुठे लावाल, एवढेच विचारा. उत्तर देताना तो अडखळला, तर ते वाक्य पुन्हा लिहा.