साखर १७२ आणि तरीही आयसीयू: डॅपाग्लिफ्लोझिन घेताना काय जपायचं

प्रश्न: आईला (वय ५८) शुगरसाठी मेटफॉर्मिनसोबत डॅपाग्लिफ्लोझिन १० सुरू केली आहे. महिन्याभरात लघवीच्या जागी खाज सुटली. शेजारच्या काकू म्हणतात, या गोळीने साखर नॉर्मल असतानाही रक्तात ॲसिड वाढतं. गोळी बंद करू का?

उत्तर: खाजेसाठी सहसा बंद करावी लागत नाही. काकू म्हणतात तेही खरं आहे, पण ते क्वचित होतं आणि बहुतेकदा ठरावीक परिस्थितीतच होतं. मी फिजिशियन आहे, ही गोळी नेहमी लिहून देतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ही गोळी मूत्रपिंडातून साखर रक्तात परत जाऊ देत नाही. दिवसाला साधारण ७० ग्रॅम ग्लुकोज लघवीवाटे निघून जातं. म्हणून आईंच्या लघवीच्या रिपोर्टमध्ये साखर +++ दिसली तर घाबरू नका, गोळी काम करते आहे एवढाच त्याचा अर्थ. पण त्या गोड लघवीवर बुरशी पोसते. खाज, लाली, दह्यासारखा पांढरा स्राव ही तिची लक्षणं. डॉक्टरांना दाखवलं की क्लोट्रिमॅझोलची क्रीम किंवा फ्लुकोनॅझोलची एक गोळी देतात आणि बहुधा आठवड्यात आराम पडतो. लघवीनंतर साध्या पाण्याने धुऊन कोरडं करायचं, जंतुनाशक लावायचं नाही. बायका हे लाजून महिनोन्‌महिने सांगत नाहीत, तेव्हा तुम्हीच विचारत राहा. पुन्हा पुन्हा होत असेल तर औषध बदलता येतं. मात्र त्या भागात किंवा गुदद्वारापर्यंत सूज, प्रचंड दुखणं आणि ताप असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

साखरेसोबत पाणीही जातं. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर उन्हाळ्यात किंवा जुलाबात उभं राहताना चक्कर येते, बीपी उतरतं. पाणी किती प्यायचं हे डॉक्टरांना विचारून ठरवा, कारण हृदय कमजोर असलेल्यांना पाण्याचं बंधन असू शकतं.

आता ॲसिडचं. पन्नाशीच्या एक बाई नवरात्रात आमच्याकडे आल्या होत्या. चार दिवस उपवास, तोही फक्त लिंबूपाणी आणि एखादं फळ. गोळ्या मात्र नेमाने चालू. आदल्या दिवसापासून उलट्या आणि पोटदुखी. घरी ग्लुकोमीटरवर साखर १७२, म्हणून सगळ्यांनी पित्त समजून सोडून दिलं. आल्या तेव्हा श्वास खोल आणि जलद चालला होता, छाती मात्र साफ होती. मला खटकलं ते तेवढंच. रक्ताचा पीएच ७.१ होता, बायकार्बोनेट ८ आणि कीटोन भरपूर, म्हणजे रक्तात ॲसिड खूपच वाढलेलं.

झालं असं की पोटात पिष्ट नाही आणि असलेली साखर लघवीतून चाललेली. त्यामुळे शरीरातलं इन्सुलिन खाली आलं, त्याच्या उलट काम करणारं ग्लुकागॉन हे हार्मोन वाढलं आणि यकृत चरबी जाळून कीटोन बनवत सुटलं. कीटोन म्हणजे ॲसिडच. साखर लघवीवाटे जात राहिल्यामुळे मीटरवरचा आकडा वाढलाच नाही.

त्यांना सलाईन, इन्सुलिनची ड्रिप आणि सोबत ग्लुकोज लावलं. मुलगा वैतागला, "साखर नॉर्मल आहे तर इन्सुलिन कशाला, आणि वर ग्लुकोज कशाला?" त्याला सांगितलं, कीटोन बनणं फक्त इन्सुलिननेच थांबतं, आणि ते देताना साखर घसरू नये म्हणून ग्लुकोज. तीन दिवसांनी त्या जेवायला लागल्या. त्यांना ही गोळी आम्ही पुन्हा दिली नाही.

तेव्हा आईंसाठी नियम असा: उलट्या, जुलाब, ताप, निर्जळी उपवास, किंवा कोणत्याही कारणाने जेवण सुटलं असेल तर त्या दिवसापासून डॅपाग्लिफ्लोझिन थांबवायची आणि डॉक्टरांना फोन करायचा. नेहमीसारखं जेवण सुरू झाल्यावर त्यांना विचारूनच परत सुरू करायची. कीटो डाएटच्या नादी लागू नका. इन्सुलिन चालू असेल तर ते मनाने कमी किंवा बंद करू नका, कीटोन वाढण्याचं तेही एक मोठं कारण आहे. मोठ्या ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी ही गोळी बंद ठेवतात, म्हणून सर्जन आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना तिचं नाव सांगा. हृदय किंवा किडनीसाठी दिली असेल तर कायमची बंद करण्याचा निर्णय मात्र स्वतः घेऊ नका.

गोळी थांबवल्यावरही तिचा परिणाम काही दिवस राहतो. उलट्या थांबत नसतील, पोट दुखत असेल, श्वास खोल चालला असेल किंवा आई सुस्त पडल्या असतील तर मीटरवर साखर १४० असो की १८०, थेट इमर्जन्सीत न्या. गोळीचं पाकीट सोबत ठेवा आणि तिथल्या डॉक्टरांना म्हणा, "रक्तातले कीटोन आणि ब्लड गॅस तपासा." लघवीच्या पट्टीवर भरवसा ठेवू नका, या गोळीवर ती कीटोन कमी दाखवू शकते.