घर मुलांच्या नावावर आजच करावे की मृत्युपत्रात लिहावे?

प्रश्न : मी ७२ वर्षांचा आहे. ठाण्याच्या नौपाड्यात माझ्या एकट्याच्या नावावर वन बीएचके आहे, तिथेच मी आणि पत्नी राहतो. मुलगा घोडबंदर रोडला असतो. तो म्हणतो, "बाबा, बक्षीसपत्र करून टाका, २०० रुपयांत होतं. मृत्युपत्र पुढे कोर्टात अडकतं." काय करू?

उत्तर : काका, माझे मत आधीच सांगतो. तुम्ही दोघे त्याच घरात राहता आणि दुसरे घर नाही, म्हणून तुम्ही मृत्युपत्र करा. आता कारणे सांगतो.

बक्षीसपत्र नोंदले की त्या दिवसापासून घर मुलाचे. सही तुमची, दोन साक्षीदारांची, मुलाचा स्वीकार आणि दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी एवढे झाले की नंतर मन बदलले म्हणून ते मागे घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र तुमच्या हयातीत नुसता कागद असतो. उद्या फाडा, परवा नवे लिहा, मधल्या काळात घर विकले तरी कोणी विचारणार नाही.

हे पुष्कळांना माहीत असते. जे सहसा लक्षात येत नाही, ते वेगळेच आहे. घर मुलाचे झाल्यावर त्याच्या आयुष्यात जे घडेल ते त्या घरालाही लागू होते. त्याने धंद्यासाठी घर तारण ठेवले, कर्ज थकले, तर बँक तुमच्या दारात येईल. आणि बोलायला जड आहे, पण मुलगा तुमच्या आधी गेला आणि त्याने मृत्युपत्र केलेले नसले, तर हिंदू वारसा कायद्यानुसार त्याचे घर त्याची पत्नी, त्याची मुले आणि त्याची आई यांच्यात समान वाटले जाते. पहिल्या वर्गाच्या वारसांत आई आहे, वडील नाहीत. म्हणजे ज्या घराचे हप्ते तुम्ही फेडले, त्यात तुमच्या पत्नीला वाटा मिळेल आणि तुम्हाला काहीच मिळणार नाही. हे मी सांगतो तेव्हा समोरचे वडील बराच वेळ गप्प बसतात.

आता २०० रुपयांचे. राहते घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिले, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क खरोखरच २०० रुपये आहे. हयात मुलाची पत्नी, म्हणजे सून, त्या यादीत नाही. पण महापालिका हद्दीत बक्षीसपत्रावर अधिभार वेगळा लागतो आणि तो रेडी रेकनरच्या किमतीवर टक्क्याने मोजतात. समजा तुमच्या घराची ती किंमत ८० लाख निघाली. एक टक्का जरी धरला, तरी ८० हजार झाले. दस्त लिहून घेण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयातून मूल्यांकन करून आजचा नेमका आकडा विचारा. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क मुळीच नाही.

"कोर्टात अडकतं" ही भीती मुंबई शहरातून आली आहे. तिथे हिंदूंच्या मृत्युपत्रालाही वर्षानुवर्षे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयाचे प्रमाणपत्र, घ्यावे लागे. ठाण्यातल्या घरासाठी ठाण्यातच केलेल्या हिंदू व्यक्तीच्या मृत्युपत्राला ती सक्ती नाही. वारसांत भांडण झाले तर मृत्युपत्र अडकते हे खरे, पण तसे भांडण झाले तर बक्षीसपत्रही कोर्टात जाते.

प्रश्न : मला तरी घर आत्ताच द्यायचं आहे. दोन मुलींपैकी धाकटीच माझ्याकडे बघते, आणि मी गेल्यावर थोरलीने तिला त्रास द्यायला नको. पण मी रस्त्यावर येणार नाही याची काय हमी? (कळवा)

उत्तर : तुमच्या बाबतीत बक्षीसपत्राला अर्थ आहे, ताई. तुम्ही हयात असताना, स्वतःच्या तोंडाने निबंधकासमोर दिलेले घर नंतर नाकारणे थोरलीला अवघड जाईल. मृत्युपत्राबद्दल मात्र "आईला तेव्हा कळत नव्हतं" असे म्हणणे फार सोपे असते. फक्त दस्तात दोन गोष्टी लिहून घ्याच.

एक, हयातभर राहण्याचा हक्क. "सदर घरात बक्षीस देणार यांना त्यांच्या हयातीपर्यंत विनामोबदला राहण्याचा हक्क राहील, तो घेणार यांना किंवा त्यांच्याकडून घर घेणाऱ्या कोणासही काढून घेता येणार नाही." या अर्थाचे वाक्य स्पष्ट हवे. काही जण सांगतात की ताबा दिला नाही तर बक्षीसपत्रच कच्चे राहते. तसे नाही. देणाऱ्याने हयातभर ताबा स्वतःकडे ठेवला तरी बक्षीस वैध असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. हा हक्क नोंदलेल्या दस्तात असला की पुढे घर विकत किंवा तारण घ्यायला येणाऱ्याच्या वकिलालाही तो दिसतो.

दोन, सांभाळाची अट. "घेणार या देणार यांचे अन्न, औषधोपचार व दैनंदिन गरजा भागवतील, या अटीवर हे बक्षीस दिले आहे." हे एक वाक्य माझ्या लेखी सगळ्या दस्तापेक्षा मोलाचे आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा निर्वाह व कल्याण कायदा आहे. त्याच्या कलम २३ नुसार अशा अटीवर घर दिले आणि घेणाऱ्याने ती पाळली नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकते. त्यासाठी देणाऱ्याचे वय ६० पूर्ण असायला हवे.

एक चूक मात्र टाळा. "मला वाटेल तेव्हा मी हे बक्षीस रद्द करीन" असे लिहून घ्यायचा आग्रह पुष्कळ जण धरतात. निव्वळ देणाऱ्याच्या मर्जीवर रद्द होणारे बक्षीस मालमत्ता हस्तांतरण कायद्यात तेवढ्यापुरते निरर्थक ठरते. अट घटनेशी बांधलेली हवी, म्हणजे सांभाळ केला नाही तर रद्द, अशी.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मुलाला बक्षीसपत्र करून दिलं. आता तो जेवणाचंही विचारत नाही. दस्तात अट काही लिहिलेली नाही. घर परत मिळेल का?

उत्तर : वाट अवघड आहे, पण बंद नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कलम २३ वापरायचे तर सांभाळाच्या अटीवरच घर दिले होते हे दाखवावे लागते. मूल सांभाळत नाही एवढे पुरत नाही. पुढे २ जानेवारी २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने म्हटले की हा कायदा ज्येष्ठांच्या हिताचा आहे, तेव्हा तो उदारपणे वाचा. त्या प्रकरणात बक्षीसपत्राबरोबर मुलाने आईला सांभाळण्याचे वचनपत्र दिले होते. न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द करून घर आईला परत दिले.

म्हणून तुम्ही आधी कागद शोधा. दस्ताच्या सुमारास मुलाने काही लिहून दिले होते का? व्हॉट्सअॅपवर "तुम्हाला आयुष्यभर सांभाळीन" असा निरोप आहे का? साधा, सहीचा एखादा कागद? ते नसले तर दस्ताचा मसुदा पुन्हा वाचा. "सेवा", "सांभाळ" असे शब्द कधी कधी प्रास्ताविकात येऊन गेलेले असतात आणि सही करताना त्यांच्याकडे कोणाचे लक्ष गेलेले नसते. जे सापडेल ते घेऊन प्रांत अधिकाऱ्यांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या निर्वाह न्यायाधिकरणात अर्ज करा. घराचे काहीही होवो, दरमहा निर्वाह खर्चाची मागणी त्याच अर्जात करा. त्यासाठी बक्षीसपत्रात अट असण्याची गरज नाही.

सही फसवून किंवा दबावाने घेतली असेल, तर दिवाणी न्यायालयात दस्त रद्द करण्याचा दावा होतो. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. तुमची दोन गेली आहेत, म्हणून या महिन्यातच वकिलाला भेटा.

प्रश्न : ऐरोलीचं घर यांच्या नावावर होतं. आठ वर्षांपूर्वी ते गेले, मृत्युपत्र नव्हतं. नॉमिनी मी होते, म्हणून सोसायटीने शेअर सर्टिफिकेट माझ्या नावावर केलं. मुलगा आणि दोन मुली आहेत. आता घर मुलाला बक्षीस द्यायचं आहे.

उत्तर : थांबा, आक्का. हे सगळे घर तुमचे नाही. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. सोसायटीने नाव लावले ते कारभारापुरते. मालकी वारसा कायद्यानेच ठरते. यजमान गेले तेव्हा त्यांची आई हयात नव्हती असे धरले, तर वारस चार, तुम्ही आणि तीन मुले. प्रत्येकाला पाव हिस्सा. (सासूबाई तेव्हा हयात असतील तर पाचवा वाटा त्यांचा.) तुम्ही आज अख्ख्या घराचे बक्षीसपत्र केले तरी मुलाकडे जाईल तो तुमचा पाव हिस्साच. दुय्यम निबंधक मालकी तपासत बसत नाहीत, दस्त नोंदवून घेतात, म्हणून ही चूक तेव्हा कळत नाही. मुलगा घर विकायला काढतो आणि खरेदीदाराची बँक "बहिणींच्या सह्या कुठे आहेत?" असे विचारते, तेव्हा कळते.

नेमके कोणाचे घर आहे हे पाहायला मूळ खरेदीचा इंडेक्स टू, म्हणजे दस्ताच्या नोंदणीचा उतारा, काढा. त्यावर तुमचेही नाव असेल तर गणित बदलते. तुमचा अर्धा वाटा आधीपासूनचा आणि उरलेल्या अर्ध्याचे चार भाग, म्हणजे घरात तुमचे पाच अष्टमांश.

क्रम असा ठेवा. मुली राजी असतील तर आधी त्यांच्याकडून तुमच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र. मग तुमच्याकडे पाऊण घर येईल, पाव मुलाचे आहेच. त्या पाऊण हिस्स्याचे बक्षीसपत्र करायचे की मृत्युपत्र, ते त्यानंतर ठरवा. घर सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर असेल तर हस्तांतराला सिडकोची परवानगी लागेल का आणि शुल्क किती, हे दस्त करण्याआधी सिडकोच्या कार्यालयात विचारून घ्या. मुली राजी नसतील तर त्यांचा हिस्सा त्यांचाच आहे, आणि मला विचाराल तर त्यात गैर काही नाही.

प्रश्न : मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं का? नोंदवायलाच हवं का?

उत्तर : साध्या कागदावर चालते, नोंदणी ऐच्छिक आहे. तरी नोंदवा, कारण मूळ कागद हरवला तरी निबंधकाकडे नोंद राहते. मात्र नोंदवलेले म्हणून ते शेवटचे ठरत नाही. नंतर केलेले, न नोंदवलेले मृत्युपत्रही आधीच्याला मागे टाकते, म्हणून तारीख आणि "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द" हे वाक्य विसरू नका.

दोन साक्षीदारांनी तुमची सही होताना पाहावे आणि तुमच्यासमोर स्वतःच्या सह्या कराव्यात. पुढे वाद झाला तर त्यांच्यापैकी किमान एकाला न्यायालयात उभे राहून सांगावे लागते. तुमच्याच वयाचे दोन मित्र घेतले तर तेव्हा दोघेही नसण्याची शक्यता मोठी. तुमच्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान, ठाण्यातच राहणारे आणि ज्यांना घरातले काही मिळणार नाही असे दोघे निवडा. सत्तरी ओलांडली असेल तर तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून त्याच दिवसाचा दाखला घेऊन मृत्युपत्राला जोडा.