बुद्धिबळाचा डाव नेमका कुठे फिरला?

सगळ्यात मोठी उडी दिसली की तोच कलाटणीचा क्षण, असं धरू नकोस. डावाचं विश्लेषण करणाऱ्या इंजिनच्या आकड्यात + म्हणजे पांढरा वरचढ, − म्हणजे काळा. हा आकडा +9 वरून +5 वर आला, तरी पांढरा जिंकतोच आहे. पण +0.4 वरून −2 झाला, तर बरोबरीतला डाव हातातून निसटतोय. पहिला फरक 4 चा, दुसरा 2.4 चाच, तरी खरं नुकसान दुसऱ्यात आहे. म्हणून आकड्यांऐवजी जिंकण्याच्या टक्केवारीतली घसरण बघ. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळाच्या सूत्राने पहिल्यात साधारण 10 टक्के जातात, दुसऱ्यात 21.

2024 च्या जागतिक अजिंक्यपदाचा 14 वा डाव लावून बघ. पांढऱ्याकडून खेळणाऱ्या डिंग लिरेनकडे एक प्यादं कमी होतं, तरी आकडा शून्याजवळच, कारण बरोबरी राखता येत होती. 55 व्या खेळीला त्याने हत्ती f2 वर आणला. काळ्याकडून खेळणाऱ्या गुकेशने हत्तींची अदलाबदल केली, मग उंट d5 वर आणून उंटही बदलायला लावले. उरलेला राजा-प्याद्यांचा शेवट काळ्याने जिंकलेला होता.

एक काळजी मात्र घे. घाईच्या विश्लेषणात घसरण कधी कधी एखादी खेळी उशिरा दिसते. म्हणून दोन-तीन खेळ्या मागे जा, इंजिनला तिथे मिनिटभर चालू दे आणि मगच चूक कोणती ते ठरव.