साडेसात टक्के सोडा, १ की ५ ते विचारा

प्रश्न: "पिंपरी-चिंचवडमध्ये टू बीएचके बुक केला आहे. कार्पेट ६१.५ चौ.मी., किंमत ४२ लाख. फेब्रुवारी २०२६ मध्ये ४,२०,००० भरले, वर जीएसटीचे २१,००० घेतले. बिलात सीजीएसटी ३.७५ आणि एसजीएसटी ३.७५ टक्के आहे, म्हणजे साडेसात! नियम तर ५ टक्क्यांचा ना? सेल्समनला व्हॉट्सॲपवर दोनदा विचारले, 'हाच रेट आहे सर' एवढेच उत्तर आले. जास्तीचे पैसे परत मागायला बिल्डरला ई-मेल लिहायचा आहे. करारनामा पुढच्या महिन्यात नोंदवायचा आहे. कॉस्ट शीट आणि कराराचा मसुदा सोबत जोडला आहे."

उत्तर: हा मेल जसा मनात आहे तसा पाठवू नका. महिन्यातून दोन-तीन वाचक साडेसात टक्क्यांचा हाच प्रश्न पाठवतात, आणि बिल्डरचा अकाउंटंट तो एका ओळीत निकालात काढतो. बिलातल्या रकमेचा एक तृतीयांश भाग जमिनीचा धरून वगळायचा आणि उरलेल्या दोन तृतीयांशावर साडेसात टक्के लावायचे, अशी कायद्याची पद्धत आहे. तुमच्या ४,२०,००० मधून १,४०,००० वजा केले की २,८०,००० उरतात. त्याचे साडेसात टक्के २१,००० होतात, आणि ४,२०,००० चे ५ टक्केही २१,०००च. म्हणजे त्याने ५ टक्केच लावले आहेत. आकडेमोडीत चूक नाही.

तुमच्या फ्लॅटला ५ टक्के लागू होतात का, हा खरा प्रश्न आहे, आणि तो तुम्ही विचारलाच नाही. १ एप्रिल २०१९ पासून परवडणाऱ्या घराला १ टक्का आणि बाकीच्यांना ५ टक्के असे दोन दर आहेत. तुमचे कागद पाहता तुम्ही १ टक्क्याच्या उंबरठ्यावर उभे आहात. फरक किरकोळ नाही. पूर्ण व्यवहारावर तो जवळपास १ लाख ८० हजारांचा आहे.

क्षेत्रफळाचा मुद्दा लगेच सुटतो. परवडणाऱ्या घरासाठी कार्पेटची मर्यादा महानगरांत ६० चौरस मीटर आहे, इतरत्र ९०. जीएसटीच्या यादीत महानगर म्हणून महाराष्ट्रातून फक्त मुंबई महानगर प्रदेश येतो. पुणे आणि पिंपरी-चिंचवड त्यात नाहीत, त्यामुळे ६१.५ मीटरने तुमचे काही बिघडत नाही. मुंबईत काम करणारे बिल्डर तिथलाच ६० चा आकडा इथे लावतात, तसे उत्तर आले तर गप्प बसू नका. "आमचा प्रोजेक्ट अफोर्डेबलमध्ये नाही" हे उत्तरही मान्य करू नका. २०१९ नंतर सुरू झालेल्या प्रकल्पात कराचा दर त्या-त्या फ्लॅटवरून ठरतो. एकाच मजल्यावरच्या दोन फ्लॅटना दोन वेगळे दर लागू शकतात.

सगळे अडते ते परवडणाऱ्या घराच्या ४५ लाखांच्या मर्यादेवर. अधिसूचनेतली अट करारातल्या किमतीची नाही, बिल्डर तुमच्याकडून जी 'एकूण रक्कम' आकारतो तिची आहे. तिच्या व्याख्येत जमीन आली, पार्किंग आले, विकास शुल्क आले, मोक्याच्या जागेचे जादा पैसे आले, सामाईक सुविधांचे आले, आणि शेवटी 'इतर कोणतीही रक्कम' आली. तुम्ही प्रश्नात ४२ लाख लिहिलेत, पण तुमचीच कॉस्ट शीट वेगळे सांगते. पार्किंगचे १,५०,०००, इन्फ्रास्ट्रक्चर आणि वीज-पाणी जोडणीचे १,२५,०००, 'लीगल'चे २०,००० मिळवले की बेरीज ४४,९५,००० होते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी सरकारला जाते, ती यात धरायची नाही. बिलात वेगळा दाखवलेला जीएसटीही मूल्याच्या व्याख्येतून वगळलेला आहे. इथपर्यंत तुम्ही मर्यादेच्या आत आहात, फक्त ५,००० रुपयांनी.

आता कॉस्ट शीटमधली शेवटची ओळ पाहा: 'सोसायटी व मेंटेनन्स चार्जेस, २४ महिने, ७२,०००'. ही रक्कम धरली तर बेरीज ४५,६७,००० होते आणि फ्लॅट ५ टक्क्यांत जातो. मर्यादेवरच्या तेवढ्याच भागाला नव्हे, पूर्ण रकमेला ५ टक्के लागतात. म्हणजे ७२,००० रुपयांच्या या एका ओळीवर तुमचे १,७९,८०० रुपये अवलंबून आहेत. ही कॉस्ट शीट तुम्ही बुकिंगच्या दिवशी सही करून दिलीत. त्या दिवशी 'चार्जेस' या एका शब्दाबद्दल विचारले असते तर आज हा वाद झाला नसता. मला याचा राग येतो, कारण दर वेळी लोक भाव कमी करून घ्यायला तासभर भांडतात आणि कागद न वाचता सही करतात.

तरीही तुमची बाजू पडलेली नाही, कारण कराराच्या मसुद्यात शब्द वेगळे आहेत. तिथे हीच रक्कम 'डिपॉझिट' म्हटली आहे आणि सोसायटी स्थापन झाल्यावर शिल्लक हिशेबासह सोसायटीकडे द्यायची असे लिहिले आहे. महाराष्ट्रात हा नुसता शब्दांचा खेळ नाही. 'मोफा' म्हणजे १९६३ च्या फ्लॅट मालकी कायद्याच्या कलम ५ प्रमाणे सोसायटी आणि देखभालीच्या खर्चासाठी घेतलेली आगाऊ रक्कम बिल्डरने वेगळ्या बँक खात्यात ठेवायची असते आणि ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची असते. ते पैसे त्याच्या कमाईचे नाहीत. जीएसटी कायद्यातही डिपॉझिट जोवर किमतीत वळते केले जात नाही तोवर तो मोबदला मानला जात नाही. म्हणून ७२,००० 'एकूण रकमे'त धरू नयेत असा युक्तिवाद मी नक्की करीन. मात्र जीएसटी विभाग तो मान्य करीलच अशी हमी देणार नाही. 'इतर कोणतीही रक्कम' हे शब्द फार रुंद आहेत. बिल्डरने या ७२,००० वर स्वतःची सेवा म्हणून १८ टक्के जीएसटी लावला असेल, तर तुमची बाजू बरीच कमकुवत होते, कारण मग त्यानेच ते आपले उत्पन्न मानले असा अर्थ निघतो. ते बिल मला दिसलेले नाही, आधी ते तपासा.

करार अजून नोंदवलेला नाही, ही तुमची सर्वात जमेची बाजू. मेल आज लिहा, आणि तो सेल्समनला नको, कराराच्या मसुद्यात बिल्डरचा जो ई-मेल पत्ता दिला आहे त्यावर पाठवा. मजकूर साधारण असा असू द्या:

"विषय: फेब्रुवारी २०२६ च्या बिलातील जीएसटी दराबाबत.

माझ्या फ्लॅटचे कार्पेट क्षेत्र ६१.५ चौ.मी. आहे. फ्लॅट ४२,००,०००, पार्किंग १,५०,०००, इन्फ्रास्ट्रक्चर व जोडणी १,२५,००० आणि लीगल २०,००० मिळून एकूण आकारणी ४४,९५,००० होते. ७२,००० ही रक्कम कराराच्या मसुद्यानुसार सोसायटीकडे हस्तांतरित होणारे डिपॉझिट आहे, म्हणून ती यात धरलेली नाही.

४,२०,००० मधून जमिनीचा एक तृतीयांश वजा करून २,८०,००० वर १.५ टक्के, म्हणजे पूर्ण रकमेवर १ टक्का, दराने कर ४,२०० होतो. आपण २१,००० घेतले आहेत. फरक १६,८०० रुपये.

आपण ५ टक्के दर कोणत्या कारणाने लावला ते १५ दिवसांत लेखी कळवावे. कारण नसल्यास क्रेडिट नोट काढून १६,८०० परत करावेत आणि पुढील सर्व बिले योग्य दराने द्यावीत. तसेच ७२,००० डिपॉझिट असून वेगळ्या खात्यात ठेवले जाईल असा उल्लेख कॉस्ट शीट व करारात एकसारखा करावा. वादातील कर मी हक्क राखून भरत आहे."

यात तुम्ही त्याच्याकडून कारण मागता आहात, आणि तेच मोलाचे आहे. तो ६० मीटर म्हणाला तर पुणे महानगर नाही हे दाखवून विषय संपवता येतो. ७२,००० म्हणाला तर कुठे लढायचे ते कळते. करारात 'लागू असलेले सर्व कर ग्राहक भरेल' असे कलम आहे, ते तो पुढे करील. 'लागू असलेले' म्हणजे कायद्याने लागू असलेले, बिल्डर लावेल ते नव्हे.

दुसरी गोष्ट तारखेची, आणि इथे मला तुमची सर्वात जास्त काळजी वाटते. जास्त कर लावला गेल्यास बिल्डर जीएसटी कायद्याच्या कलम ३४ खाली क्रेडिट नोट काढून आपला कर कमी करून घेऊ शकतो. पण आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंतच, किंवा त्याने वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले तर त्या दिवसापर्यंत. तुमचे बिल फेब्रुवारी २०२६ चे, म्हणून शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२६. त्या तारखेपर्यंत तुम्हाला पैसे परत देताना त्याचे काही जात नाही, म्हणून तो ऐकण्याची शक्यता असते. ती उलटली की "पैसे सरकारला भरले, आता आमच्या हातात काही नाही" हे उत्तर मिळते आणि त्यात तथ्यही असते. मग उरतो कलम ५४ चा परतावा. नोंदणी नसलेल्या ग्राहकांसाठी डिसेंबर २०२२ च्या परिपत्रकाने ती वाट खुली झाली, पण ती मुख्यतः रद्द झालेल्या बुकिंगसाठी आहे. दराच्या वादात तिच्यावर विसंबू नका. महारेराकडे तक्रार करता येईल, पण कराचा दर ठरवणे हे आपले काम नाही अशी भूमिका तिथे घेतली जाऊ शकते, आणि तोवर तारखांवर तारखा पडून नोव्हेंबर निघून जातो. म्हणून १५ दिवसांत उत्तर आले नाही तर दुसरा मेल करा आणि पत्र स्पीड पोस्टाने पाठवा.

हप्ते मात्र थांबवू नका. उशिरावर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा २ टक्के अधिक व्याज बसते, आणि १६,८०० च्या वादात लाखोंच्या हप्त्यावर व्याज भरणे परवडणारे नाही. कर भरा, पण दर वेळी हक्क राखून असे लिहून भरा.

मसुद्याबरोबर पाठवलेल्या टिपणात खिडक्यांचे ग्रील आणि जादा टाइल्स बिल्डरकडूनच करून घेण्याचा बेत दिसला. तुमच्याकडे मर्यादेखाली फक्त ५,००० रुपये उरले आहेत, आणि त्या कामाचे त्याने बिल केले की तेही 'इतर रकमे'त जाईल. ताबा मिळाल्यावर बाहेरच्या माणसाकडून करून घ्या. आणि दुरुस्त केलेला मसुदा हातात आल्याशिवाय नोंदणीची तारीख घेऊ नका.