ब्लॉक अकाउंट भरलंय, तरी वरून किती पैसे न्यायचे?

«ताई, मी लातूरची. ऑक्टोबरपासून जर्मनीत मास्टर्स. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक अकाउंटमध्ये भरलेत, तिथून ते दर महिन्याला हप्त्याने मिळणार. तरी वरून पैसे लागतात का? पहिलं वर्ष खरंच कसं जातं?»

लागतात. दोन हजार युरो तरी हाताशी ठेव. का, ते माझ्या डायरीतूनच वाच.

ऑक्टोबर, मॅग्डेबर्ग. खोली मिळाली, पण सहीचा कागद द्यायला मालक तयार नाही. त्या कागदाशिवाय पत्ता नोंदवता येत नाही, म्हणजे आनमेल्डुंग होत नाही. माझ्या ब्लॉक अकाउंटवाल्यांना नोंदणीचा दाखलाही हवा आणि इथलं बँक खातंही. तोवर माझेच पैसे मला मिळेनात. पप्पांचा फोन आला, सोयाबीन आडतीवर घातलंय, पाठवू का? मी नको म्हणाले. ते पैसे कर्जाच्या हप्त्याचे.

दोन आठवड्यांनी. विद्यार्थी वसतिगृहात खोली लागली. भाडं ३०० च्या आसपास, वर दोन महिन्यांचं डिपॉझिट. इथं कायद्याने मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत मागू शकतात. विमा वेगळा. सोबत आणलेले युरो सगळे इथंच गेले. पण कागद हातात आला आणि नोंदणी झाली. (राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. ऑफिसची वेळ लवकर मिळत नाही, म्हणून तारीख आधीच बुक कर.)

नोव्हेंबर. बँकेचं कार्ड काही येईना. शेजारची नागपूरची पोरगी म्हणाली, "पेटीवर नाव लावलंस का गं?" इथला पोस्टमन खोली नंबर बघत नाही, पेटीवर आडनाव दिसलं तरच पत्र टाकतो, नाहीतर परत. कागदाची पट्टी कापून टेपने चिकटवली. मग कार्ड एका पाकिटात आलं, पिन दुसऱ्यात, शिवाय टॅक्स नंबर आणि घरामागे महिना १८.३६ युरोचं रेडिओ-टीव्हीचं बिलही. टीव्ही नसला तरी द्यावं लागतं. एका घरात चारजणी असतील तर एकीनेच भरून वाटून घ्यायचं. ब्लॉक अकाउंटमधून ९९२ युरोचा पहिला हप्ता याच महिन्यात जमा झाला.

डिसेंबर. चारलाच अंधार. लिहिण्यासारखं काही नाही. येसर संपला.

मार्च. विद्यापीठातल्या लॅबमध्ये तासांवर काम मिळालं. बाहेरच्या नोकरीला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, एवढीच मुभा. विद्यापीठातलं असं काम त्यात धरत नाहीत, म्हणून आधी तेच शोधलं.

ऑगस्ट. इथं राहण्याचा परवाना वाढवायचाय. पुढच्या वर्षाचे पैसे पुन्हा दाखवा म्हणतात. लॅबचा करार आणि पगाराच्या पावत्या जोडल्या. महिन्याला ९९२ ला जेवढे कमी पडत होते, तेवढेच ब्लॉक अकाउंटमध्ये भरले. घरून या वेळी मागावे लागले नाहीत.